हुकूम दिला नाही, तरी गुन्हेगार? यामाशिताचा खटला आणि सेनापतीची जबाबदारी

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी जनरल यामाशिताने स्वतः कुणाला मारलं नाही, मारायचा हुकूम दिल्याचंही सिद्ध झालं नाही, तरी 1946 मध्ये त्याला फाशी दिली. हा न्याय होता की जिंकलेल्यांचा सूड? आणि सूड असेल तर आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत याच खटल्याचा दाखला का देतात?

उत्तर:

माझं मत आधीच सांगतो. खटला वाईट चालला, आणि तिथे जो पुरावा समोर आला त्यावर फाशी द्यायला नको होती. पण त्या खटल्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता. त्याचं नीट उत्तर मनिलात, म्हणजे हा खटला चालला तिथे, मिळालं नाही, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत जपानी आणि जर्मन नेत्यांवरचे खटले चालवणाऱ्या टोकियो आणि न्युरेंबर्गच्या न्यायाधीशांनी शोधलं. दाखला दिला जातो तो या सगळ्या साखळीचा. यामाशिता ही तिची पहिली कडी, आणि सगळ्यांत कच्चीही.

मी तीस वर्षं फौजदारी वकिली करतो आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना युद्धकायदा शिकवतो. वर्गात हा खटला घेतला की तुमचाच प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो. त्याला सरळ उत्तर द्यायचं तर घडलं काय ते आधी पाहावं लागतं.

तोमोयुकी यामाशिता म्हणजे फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर घेणारा, ‘मलायाचा वाघ’ म्हणून गाजलेला सेनापती. ऑक्टोबर 1944 मध्ये त्याला फिलिपिन्समधल्या जपानी लष्कराचं प्रमुखपद देण्यात आलं. पदभार घेऊन दोन आठवडे होण्याच्या आत, 20 ऑक्टोबरला, अमेरिकी फौजा लेते बेटावर उतरल्या. म्हणजे सैन्य नवीन, अधिकारी अनोळखी, आणि शत्रू दारात. अमेरिकी सैन्य मनिला ज्यावर आहे त्या लुझॉन बेटावर आलं तेव्हा मनिला शहर लढवायचं नाही असं त्याने ठरवलं आणि स्वतः उत्तरेकडच्या डोंगरांत, बागिओच्या बाजूला माघार घेतली. मनिलात मात्र रिअर ॲडमिरल इवाबुची याच्या हाताखालचं नौदलाचं दळ राहिलं. माघारीचा हुकूम त्याच्यापर्यंत गेला तोवर उशीर झाला होता. फेब्रुवारी आणि मार्च 1945 मध्ये त्या शहरात जे झालं त्याचं वर्णन मी इथे करणार नाही. सुमारे एक लाख नागरिक मेले. त्यांतले कित्येक अमेरिकी तोफगोळ्यांनीही मेले असतील, पण घराघरांत, शाळांत, चर्चमध्ये, इस्पितळांत जपानी सैनिकांनी माणसं ठरवून मारली यात शंका नाही.

यामाशिता 3 सप्टेंबर 1945 ला शरण आला. 29 ऑक्टोबरला मनिलातल्या अमेरिकी हाय कमिशनरच्या निवासस्थानी त्याचा खटला सुरू झाला. समोर पाच अमेरिकी जनरल बसले होते, त्यांत व्यवसायाने वकील एकही नव्हता. आरोपपत्रातला मुख्य आरोप एका वाक्याचा होता. सेनापती म्हणून हाताखालच्या लोकांवर नियंत्रण ठेवण्याचं कर्तव्य त्याने बेकायदेशीरपणे दुर्लक्षिलं, पार पाडलं नाही, आणि त्यांना अत्याचार करू दिले. त्याखाली आधी 64 घटनांचा तपशील होता. सुनावणीच्या तीन दिवस आधी सरकारी पक्षाने आणखी 59 घटना जोडल्या. बचावाच्या वकिलांनी त्या तपासायला मुदत मागितली, ती मिळाली नाही.

हा आरोप पुन्हा एकदा वाचा. त्यात ‘हुकूम दिला’ असं कुठेही नाही. ‘त्याला माहीत होतं’ असंही नाही. आपल्याकडच्या न्यायालयात असं आरोपपत्र आलं तर बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल की माझ्या अशिलाने नेमकं केलं काय? यामाशिताच्या अमेरिकी वकिलांनीही हाच प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं होतं की या आरोपपत्रात गुन्हा असा नाहीच, तो फक्त ‘काहीतरी असल्याबद्दल’ आरोपी आहे, म्हणजे सेनापती असल्याबद्दल.

पुढच्या सहा आठवड्यांत 286 साक्षीदार झाले. त्यांतले बहुतेक अत्याचार सोसलेले, डोळ्यांनी पाहिलेले लोक होते, आणि त्यांच्या साक्षी खऱ्या होत्या. मात्र त्या साक्षी ‘हे घडलं’ एवढंच सांगत होत्या. ‘यामाशितापर्यंत ते कसं पोचतं’ हे सांगणारा पुरावा फारच थोडा होता. त्यातल्या एका प्रसंगावरून खटल्याची प्रत कळते. एका साक्षीदाराने सांगितलं की यामाशिता आणि फिलिपिनो जनरल आर्तेमिओ रिकार्टे यांचं बोलणं त्याने स्वतः ऐकलं, त्यात यामाशिताने फिलिपिनो लोकांना मारण्याची गोष्ट काढली, आणि दोघांमध्ये दुभाषा होता रिकार्टे यांचा नातू. बचावाने तो नातूच साक्षीला उभा केला. बारा-तेरा वर्षांचं पोर. त्याने सांगितलं, असं बोलणं झालं नाही आणि मी असं काही भाषांतर केलेलं नाही. यामाशिताने हुकूम दिला हे थेट सांगू पाहणारी साक्ष होती ती अशी. उरलेला बराच मजकूर ऐकीव होता, प्रतिज्ञापत्रांतून आलेला होता, आणि तो देणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नव्हती. जनरल मॅकआर्थरच्या मुख्यालयाने घालून दिलेल्या नियमांत असा पुरावा चालत होता.

7 डिसेंबर 1945 ला निकाल लागला. तारीख पाहा, पर्ल हार्बरला बरोबर चार वर्षं झाली होती. निकालपत्र अगदी छोटं आहे, पण त्यातला एक परिच्छेद मी विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. त्याचा मथितार्थ असा. एखाद्या सैनिकाने खून किंवा बलात्कार केला म्हणून त्याच्या सेनापतीला खुनी किंवा बलात्कारी ठरवणं हास्यास्पद आहे. पण असे गुन्हे सर्वदूर पसरलेले असतील, आणि ते शोधून काढायचा व आवरायचा कोणताही परिणामकारक प्रयत्न सेनापतीने केला नसेल, तर त्या गुन्ह्यांचं स्वरूप आणि परिस्थिती पाहून त्याला जबाबदार, अगदी फौजदारी गुन्हेगारही, ठरवता येतं.

नवी कल्पना ती हीच. आधीच्या युद्धकायद्यात सेनापतीचं कर्तव्य नव्हतं असं नाही. 1907 च्या हेग नियमांत अगदी पहिल्याच कलमात म्हटलं आहे की सैन्याच्या प्रमुखपदी हाताखालच्यांसाठी जबाबदार असणारी व्यक्ती हवी. पण ती जबाबदारी मोडली तर काय, याचं उत्तर त्या काळी ‘राज्याने नुकसानभरपाई द्यावी’ असं होतं. युद्ध संपलं की सरकार सरकारशी हिशेब करणार, माणूस सुटणार. 8 ऑगस्ट 1945 च्या लंडन सनदेने, म्हणजे न्युरेंबर्गच्या मूळ दस्तऐवजाने, ही पळवाट एका बाजूने बुजवली. पद कितीही मोठं असो, ते ढाल होणार नाही, आणि ‘वरून हुकूम होता’ एवढ्यावर कुणी सुटणार नाही, फार तर शिक्षा कमी होईल. पण त्या सनदेत ‘काहीच न करणाऱ्या’ वरिष्ठाबद्दल एक अक्षर नाही. हुकूम पाळणारा पकडला गेला आणि हुकूम देणारा पकडला गेला, पण ‘मी हुकूम दिलाच नव्हता, माझी माणसं हाताबाहेर गेली’ म्हणणारा मोकळा राहत होता. मनिलाच्या पाच जनरलांनी हात घातला तो तिथे.

आता मोठी चूक कुठे झाली ती पाहू. निकालपत्रात ‘यामाशिताला माहीत होतं’ असा निष्कर्ष कुठेच काढलेला नाही. ‘इतकं सगळं घडलं म्हणजे त्याने आवरलं नाही’ एवढ्यावर ते थांबतं. म्हणजे गुन्ह्यांचा पसारा हाच ज्ञानाचा पुरावा आणि तोच अपयशाचाही पुरावा. फौजदारी कायद्यात एकाच पुराव्याला अशी दोन कामं द्यायची असतील तर ती कशी होतात हे न्यायालयाने लिहून दाखवायला हवं. तसं इथे झालं नाही.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 4 फेब्रुवारी 1946 ला सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने अर्ज फेटाळला गेला. (नववे न्यायाधीश जॅक्सन तेव्हा न्युरेंबर्गला मुख्य सरकारी वकील होते.) इथे एक गैरसमज फार आढळतो, मोठमोठ्या लेखांतही, की ‘सर्वोच्च न्यायालयाने यामाशिताला दोषी ठरवलं’. तसं नाही. अर्ज बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे कैदच बेकायदा आहे असं म्हणून सुटका मागणारा होता. पाच जनरलांचा तो लष्करी आयोग बसवायचा अधिकार होता का आणि आरोपात युद्धकायद्याचा भंग दिसतो का, एवढंच बहुमताने पाहिलं. पुरावा खरा की खोटा, पुरेसा की अपुरा, यात ते गेलेच नाहीत. सेनापतीवर हाताखालच्यांना आवरायचं कर्तव्य असतं आणि ते मोडणं हा गुन्हा होऊ शकतो, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं, आणि म्हणून हा निकाल पुढे टिकला.

विरोधी मत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती मर्फी यांचा मुद्दा मला आजही सगळ्यांत बोचतो. त्यांनी लिहिलं त्याचा भाव असा की अमेरिकी फौजांनी जिवाचं रान करून तुझं दळणवळण तोडलं, तुझ्या तुकड्या एकमेकींपासून अलग केल्या, तुझं नियंत्रण नष्ट केलं, आणि आता आम्हीच तुला विचारतो की तुझं नियंत्रण का नव्हतं? दुसरे न्यायमूर्ती रटलेज यांचा भर सुनावणीच्या पद्धतीवर होता, म्हणजे न मिळालेली मुदत आणि ऐकीव पुरावा यांवर. यामाशिताला 23 फेब्रुवारी 1946 ला फाशी झाली.

इथवरचं पाहिलं तर तुमचा ‘सूड’ हा शब्द चुकीचा वाटणार नाही. पण गोष्ट इथे संपली असती तर हा खटला आज कुणी उघडूनही पाहिला नसता.

टोकियोचा मोठा खटला मे 1946 ते नोव्हेंबर 1948 असा चालला. तिथल्या आरोपपत्रात 55 वा आरोप मुद्दाम वेगळा ठेवला होता. युद्धनियम पाळले जावेत म्हणून पुरेशी पावलं उचलण्याचं कायदेशीर कर्तव्य जाणूनबुजून आणि बेपर्वाईने दुर्लक्षिल्याचा तो आरोप होता. जनरल मात्सुई इवाने याला दोषी धरलं ते फक्त या एका आरोपावर. डिसेंबर 1937 मध्ये चीनमधलं नानकिंग शहर पडलं तेव्हा तो त्या फौजांचा प्रमुख होता. 17 डिसेंबरला तो समारंभाने शहरात शिरला. शिस्त पाळा असे हुकूम त्याने काढले होते, हे न्यायाधिकरणानेही मानलं. पण त्या हुकमांचा काही उपयोग होत नाही हे त्याला दिसत होतं, आणि तरी पुढे त्याने काही केलं नाही, असा निष्कर्ष निघाला. मनिलाच्या तुलनेत हे एक पाऊल पुढे होतं. ज्ञान सिद्ध केलं गेलं, आणि ‘हुकूम काढला होता’ हा बचाव तपासून नाकारला गेला. कागदावरचा हुकूम म्हणजे प्रयत्न नव्हे, हे तिथे ठरलं.

त्याच आरोपाखाली परराष्ट्रमंत्री हिरोता कोकी यालाही दोषी धरलं, आणि हे मात्र मला पटत नाही. नानकिंगच्या बातम्या त्याच्याकडे येत होत्या. त्याने त्या युद्धखात्याकडे नेल्या, आवरतो असं आश्वासन घेतलं, आणि त्यावर विसंबून राहिला. न्यायाधिकरणाचं म्हणणं असं की त्याने मंत्रिमंडळात तातडीने कारवाईचा आग्रह धरायला हवा होता. पण सैन्य त्याच्या हाताखाली होतं का? जपानच्या तेव्हाच्या व्यवस्थेत परराष्ट्रमंत्री लष्कराला हुकूम देऊ शकत नव्हता. त्याच्यावर युद्धाच्या कटाचे आरोपही सिद्ध धरले गेले आणि फाशी झालेल्या सात जणांत तो एकटाच नागरी माणूस होता. डच न्यायाधीश रोलिंग यांनी त्याला निर्दोष सोडावं असं वेगळं मत लिहिलं.

आपल्याकडे टोकियो म्हटलं की न्यायमूर्ती राधाबिनोद पाल आठवतात. कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, आणि सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारे एकमेव सदस्य. त्यांच्या नावावर ‘जपानने काही केलंच नाही’ असं खपवलं जातं, ते खोटं आहे. अत्याचार झाले, त्यांचा पुरावा जबरदस्त आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांचा प्रश्न फक्त दुव्याचा होता. मात्सुईबद्दल त्यांनी म्हटलं की सेनापती शिस्त राखणाऱ्या यंत्रणेवर विसंबू शकतो, ती यंत्रणा नीट चालते आहे असं धरून चालायचा त्याला हक्क आहे. बहुमत आणि पाल यांच्यातलं अंतर मी असं मांडतो की दोघेही यंत्रणेबद्दलच बोलत होते. पाल म्हणत, यंत्रणा आहे ना? बहुमत म्हणत होतं, ती बंद पडल्याचं तुला दिसत होतं ना? माझ्या मते दुसरा प्रश्न बरोबर आहे. पण पाल यांनी तो दुवा मागितला नसता तर पुढच्या न्यायालयांवर तो दाखवायचा दबाव कमी पडला असता.

आणि तो दुवा घट्ट बसला न्युरेंबर्गच्या नंतरच्या खटल्यांत, जे फारसे कुणी वाचत नाही. गोअरिंग वगैरे नाझी नेत्यांचा मोठा खटला ऑक्टोबर 1946 मध्ये संपला. त्यानंतर अमेरिकी न्यायाधीशांपुढे बारा खटले चालले, आणि या वेळी न्यायासनावर जनरल नव्हते, कायद्याची माणसं होती. मनिलाहून आणखी एक मोठा फरक होता, तो कागदाचा. मनिलाच्या न्यायासनासमोर माणसांच्या आठवणी होत्या. जपानी लष्कराने शरणागतीच्या वेळी दप्तरंच्या दप्तरं जाळली होती. जर्मनांचे मात्र रोजचे अहवाल, टेलिप्रिंटरचे संदेश, त्यावर मारलेल्या सह्या, सगळं दोस्तांच्या हाती लागलं होतं. ‘माहीत होतं का’ हा प्रश्न त्यामुळे अंदाजाचा राहिला नाही.

फील्डमार्शल विल्हेल्म लिस्ट याचं उदाहरण घ्या. 1941 मध्ये तो बाल्कनमधल्या जर्मन फौजांचा प्रमुख होता. सर्बियात छापामार जर्मन सैनिकांना मारत, आणि बदल्यात जर्मन फौज ओलीस धरलेल्या लोकांना गोळ्या घाली. 16 सप्टेंबर 1941 ला हिटलरच्या मुख्यालयातून हुकूम आला की एका जर्मन सैनिकामागे 50 ते 100 माणसं मारावीत. लिस्टने तो खाली पाठवला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोपोलाजवळच्या हल्ल्यात 21 जर्मन सैनिक मेले, तेव्हा सर्बियातल्या जनरलने 2100 कैद्यांना मारायचा हुकूम काढला. एकास शंभर हा हिशेब असा अक्षरशः लावला गेला. लिस्टचा बचाव असा होता की कित्येक प्रसंगी मी मुख्यालयात नव्हतो, ते अहवाल माझ्या नजरेला आले नाहीत.

19 फेब्रुवारी 1948 च्या निकालात न्यायाधिकरणाने यावर जे म्हटलं ते या सगळ्या विषयातलं मला सगळ्यांत उपयोगी वाटणारं वाक्य आहे. आशय असा की मुख्यालयाच्या नावे आलेले अहवाल प्रमुखाने पाहिले असं धरलं जाईल, ते न वाचणं हा बचाव नाही. आणि अहवाल अपुरे वाटले तर पूर्ण माहिती मागवणं हे त्याचंच काम आहे, ते न करणारा स्वतःच्याच हलगर्जीपणाचा आसरा घेऊ शकत नाही. लिस्टला जन्मठेप झाली. (1952 मध्ये तो सुटला, ही या खटल्यांची दुसरी बाजू.) कुणी म्हणेल, लिस्टने तर हुकूमच पुढे पाठवला होता, मग तो निष्क्रियतेचा खटला कसा? खरं आहे, शुद्ध निष्क्रियतेचा तो नव्हे. पण ‘ज्ञान’ सिद्ध कसं करायचं याचा जो नियम तिथे बसला तो निष्क्रियतेच्या खटल्यांना जसाच्या तसा लागू पडला.

दुसऱ्या टोकाची मर्यादा आठ महिन्यांनी, ऑक्टोबर 1948 मध्ये, जर्मन सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्यांच्या खटल्यात घातली गेली. त्यात मुख्य आरोपी फील्डमार्शल फॉन लीब होता. सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांना पकडताच मारण्याचा 1941 चा हुकूम त्याच्या मुख्यालयात आला होता. त्याने तो वरिष्ठांकडे विरोध नोंदवून नापसंत केला होता. न्यायाधिकरणाने सांगितलं की हुकमांच्या साखळीत नाव आहे एवढ्यावर गुन्हा चिकटत नाही. सेनापतीची स्वतःची चूक दिसली पाहिजे. एक तर गुन्हा थेट त्याच्यापर्यंत पोचतो असं दाखवा, नाही तर त्याचं दुर्लक्ष इतकं निगरगट्ट होतं की त्याला मूक संमतीच म्हणावं लागेल असं दाखवा. त्या हुकमाबद्दल लीबला दोषी धरलं नाही. दुसऱ्या एका हुकमाबद्दल धरलं आणि तीन वर्षं शिक्षा झाली.

आता ही तिन्ही ठिकाणं शेजारी ठेवली तर जे दिसतं ते असं. मनिला म्हणते, न करणं हाही गुन्हा होतो. लिस्ट खटला म्हणतो, कळलं होतं का हे तपासा, आणि कागद आला असेल तर कळलं होतंच असं धरा. लीब खटला म्हणतो, पण पदावरून गुन्हा ठरवू नका. आज वापरला जातो तो नियम या तिघांची बेरीज आहे, आणि नुसत्या यामाशिताच्या निकालावर आज कोणतंही न्यायालय कुणाला दोषी धरणार नाही.

हा नियम लिहिलेला कायदा व्हायला मात्र 1977 उजाडलं. जिनिव्हा करारांच्या पहिल्या जोड-करारात 86 व्या आणि 87 व्या कलमात तो आला. (भारत त्या जोड-कराराचा सदस्य नाही.) पुढे युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने 1998 मध्ये बोस्नियातल्या चेलेबिची कैदछावणीच्या खटल्यात त्याचे तीन भाग स्पष्टपणे वेगळे काढले. गुन्हा करणाऱ्यांवर आरोपीचं खरंखुरं नियंत्रण होतं का, त्याला माहीत होतं किंवा कळायला पुरेसं कारण होतं का, आणि रोखायला किंवा शिक्षा करायला त्याने आवश्यक व शक्य ती पावलं उचलली का. एकाच छावणीचे दोन आरोपी घ्या. झेजनील देलालिच मोठ्या पदावर होता, पण छावणीवर त्याचा खरा हुकूम चालत होता हे सिद्ध झालं नाही, तो सुटला. झ्द्राव्को मुचिच प्रत्यक्ष छावणीप्रमुख होता, तो दोषी ठरला. तो बऱ्याचदा रात्री छावणीत नसे, पण न्यायाधीशांनी ते अज्ञान मानलं नाही, नजरेआड करायची सोय मानली. हिरोतासारख्या नागरी वरिष्ठाला सैनिकी सेनापतीच्याच मापाने मोजायचं नाही, हा फरक आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या 1998 च्या रोम सनदेच्या 28 व्या कलमात आला. सैनिकी वरिष्ठासाठी ‘कळायला हवं होतं’ एवढं पुरतं, नागरी वरिष्ठासाठी मात्र स्पष्ट इशारा देणाऱ्या माहितीकडे त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली हे दाखवावं लागतं. रोलिंग यांच्या वेगळ्या मताला पन्नास वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे असं मी समजतो.

विद्यार्थी इथे आपल्याकडचा कायदा आणतात, तेव्हा एक गोष्ट सांगावी लागते. जुन्या दंड संहितेचं कलम 34, जे आता न्याय संहितेत 3(5) आहे, ते समान इराद्याचं आहे, तिथे इरादा जुळावा लागतो. अपप्रेरणेच्या कलमात ‘अवैध अकृती’ आहे, पण तीही हेतुपुरस्सर मदतीची हवी. केवळ वरिष्ठ होता, कळलं होतं, आवरू शकत होता आणि आवरलं नाही, एवढ्यावर आपल्या सर्वसाधारण फौजदारी कायद्यात खुनाची जबाबदारी येत नाही. म्हणून वृत्तपत्रांत ‘कमांड रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्द आपल्या देशातल्या घटनांना चिकटवलेला दिसतो तेव्हा तो बहुधा नैतिक अर्थाने असतो, कायदेशीर अर्थाने नाही.

आणि मर्फी यांचा बोचणारा प्रश्न? तो अजून जिवंत आहे. काँगोचा नेता जाँ-पिएर बेम्बा याने 2002-03 मध्ये आपली फौज शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात पाठवली. तिने तिथे खून, बलात्कार आणि लूट केली. बेम्बा स्वतः आपल्या देशात होता. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रोम सनदेच्या त्याच 28 व्या कलमाखाली त्याला दोषी धरून 18 वर्षांची शिक्षा दिली. 8 जून 2018 ला अपिलात पाचपैकी तीन न्यायाधीशांनी ती रद्द केली. परक्या देशात, दूर असलेल्या फौजेवर चौकशी बसवायला आणि शिक्षा करायला त्याला काय अडचणी होत्या याचा खालच्या न्यायालयाने पुरेसा विचार केला नाही, असं त्यांचं मत पडलं. त्याने चौकशी आयोग नेमला होता, मध्य आफ्रिकेच्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं, काही सैनिकांवर लुटीबद्दल खटलेही चालवले होते. उरलेल्या दोन न्यायाधीशांना हे सगळं दिखाऊ वाटलं आणि त्यांनी शिक्षा कायम ठेवायला हवी होती असं लिहिलं. मात्सुईचे हुकूम आणि बेम्बाचं पत्र यांत फरक आहे की नाही, यावर आमच्या वर्गात दरवर्षी दोन तट पडतात, आणि दरवर्षी माझं मत बेम्बाच्या बाबतीत अल्पमताच्या बाजूला राहतं.